विषय क्रमांक ४: निर्णय नाही

ग्रामसभेचं प्रोसिडिंग लिहिणं हे ग्रामसेवकाचं काम. आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण गावात अजून कुणी तसं म्हणत नाही. बहुतेक ठराव लिहायला सोपे असतात: विषय, चर्चा, सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. हात आपोआप चालतो. कस लागतो तो ज्या विषयावर काहीच ठरत नाही तिथे. १ मेच्या एका ग्रामसभेत असाच एक विषय आला. त्याची नोंद मी कशी केली आणि तशीच का केली, ते सांगतो.

गाव माण-खटाव पट्ट्यातलं. मतदार ११४०. कोरमसाठी मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जो आकडा कमी असेल तो लागतो. १५ टक्के म्हणजे १७१, म्हणून आमचा कोरम १००. झेंडावंदन झाल्यावर शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता आणि हजेरीवर १३१ सह्या झाल्या होत्या. मे महिन्यात सह्या भरपूर होतात, कारण विषय पाण्याचा असतो.

चौथा विषय होता जलजीवन मिशनच्या उंच टाकीची जागा. गावठाणातल्या लोकांना टाकी जुन्या टाकीशेजारी हवी होती. तिथली जागा ग्रामपंचायतीच्याच नावावर आहे. वरच्या वाडीला ती माळावर हवी होती. वाडीची वेगळी बोअरची योजना दर मार्चला कोरडी पडते, मग टँकर. आदल्या दिवशी झालेल्या महिला सभेनं माळाची शिफारस केली होती. ही सभा ग्रामसभेच्या आधी घ्यावीच लागते, पण तिची शिफारस ग्रामसभेत मोठ्यानं वाचली जातेच असं नाही. मी वाचली. मांडवाच्या कडेला बसलेल्या बायका तेवढ्यापुरत्या जरा पुढे सरकल्या.

त्यानंतरचा गोंधळ दोन तास चालला. गावठाणाचं म्हणणं होतं की माळावर टाकी बांधली तर विहिरीवरची मोटर तेवढं पाणी वर चढवणार, वीजबिल वाढणार आणि ते आम्हीही भरणार. वाडी म्हणत होती, टाकी खाली बांधली तर पाणी आमच्या नळाला चढणारच नाही. दोन्ही बाजू तावातावानं बोलत होत्या. पण वाडी गावठाणापेक्षा किती उंच आहे, हा साधा आकडा कुणाकडेच नव्हता. शाखा अभियंत्यांच्या अंदाजपत्रकात लेव्हल फक्त गावठाणाची होती आणि टाकीचा स्टेजिंग, म्हणजे तळाची जमिनीपासूनची उंची, १२ मीटर धरला होता. ते अंदाजपत्रक केलं तेव्हा वाडीची बोअर चालू होती, त्यामुळे वाडीकडे कुणी लेव्हल मशीन नेलंच नव्हतं.

माळाची दुसरी अडचण कागदाची. जागा द्यायला दोघे भाऊ तयार होते, निदान तसं सांगत होते. मी सातबारा काढून आणला होता. सामाईक खातं, तीन नावं, आणि त्यातला एक भाऊ दोन वर्षांपूर्वी वारलेला. वारस नोंद नाही. ग्रामपंचायतीच्या नावानं नोंदणीकृत बक्षीसपत्र झाल्याशिवाय काम सुरू होत नाही, आणि मयताच्या नावानं बक्षीसपत्र कोण करून देणार?

एक वाजला तेव्हा मागच्या रांगेतून आवाज आला, “माणसं उठून गेली. सभा तहकूब करा.” आवाज गावठाणातल्या एका जुन्या कार्यकर्त्याचा होता, आणि तो अडाणीपणानं बोलत नव्हता. कोरमअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा तिला कोरमची अट नसते. म्हणजे पुढच्या आठवड्यात वीस माणसं जमवून टाकीची जागा कायदेशीर ठरवता आली असती, आणि त्या वीसमध्ये वाडी किती असती हे सांगायला नको. मी सरपंचताईंना म्हटलं, आधी डोकी मोजू. शिपायानं एका बाजूनं मोजली, वाडीच्या एका पोरानं दुसऱ्या बाजूनं. १०४ निघाली. वेळ आणि आकडा दोन्ही प्रोसिडिंगमध्ये घातले. कोरम होता, सभा तहकूब होत नव्हती. एक विषय पुढे जात होता, एवढंच. तो पुढच्या सभेत पूर्ण कोरमसमोरच येणार होता.

सरपंचताईंचे यजमान माझ्या टेबलाशी वाकले आणि हळूच म्हणाले, “भाऊसाहेब, चार ओळी जागा सोडा खाली. रात्री बसून लिहू.” ते पदावर नाहीत, पण सगळ्या सभांना असतात, हे चित्र किती गावांत आहे ते वाचणाऱ्याला माहीत आहेच. हजेरीच्या सह्या आधी झालेल्या असतात, त्यामुळे सोडलेल्या जागेत नंतर काहीही बसवता येतं. गटविकास अधिकाऱ्यांकडे जाणाऱ्या तक्रारी अशाच चार ओळींतून निघतात. मी म्हटलं, “लिहायचं ते आत्ताच लिहितो आणि माईकवर वाचतो. चुकलं तर सगळ्यांसमोर सांगा.”

मग लिहिलं ते असं:

“विषय क्र. ४: उंच जलकुंभासाठी जागा निश्चित करणे. पर्याय (अ) जुन्या टाकीशेजारील ग्रामपंचायतीची जागा व पर्याय (ब) वरच्या वाडीचा माळ यांवर चर्चा झाली. महिला सभेची पर्याय (ब) बाबतची शिफारस वाचून दाखविण्यात आली. पर्याय (ब) मुळे वीजबिल वाढेल, असा आक्षेप घेण्यात आला. पर्याय (अ) मधून वाडीस पाणी पोहोचणार नाही, असा आक्षेप घेण्यात आला. या विषयावर आज निर्णय घेण्यात आलेला नाही. कारणे: १) पर्याय (ब) ची लेव्हल उपलब्ध नाही. २) पर्याय (ब) च्या सातबारावरील एका मयत सहधारकाची वारस नोंद झालेली नाही. पुढील कार्यवाही: शाखा अभियंत्यांकडून दोन्ही जागांची लेव्हल व दोन्ही पर्यायांचा अंदाजे पंपिंग खर्च लेखी घेणे, जबाबदारी ग्रामसेवक, ३१ मेपर्यंत. वारस नोंदीसाठी तलाठी कार्यालयात अर्ज करणे, जबाबदारी उपस्थित सहधारक, १० मेपर्यंत. कागद आले अगर न आले तरी हा विषय २८ जूनच्या विशेष ग्रामसभेत पहिला घेण्यात यावा. तोपर्यंत वाडीचा टँकर चालू ठेवण्यात यावा.”

कोण कुणाला काय बोललं ते यात नाही. काही लोकांना ते हवं होतं. एकानं तर मोबाइलवर शूटिंग केल्याचंही ऐकवलं. पण “मतभेद झाल्याने विषय पुढे ढकलला” असं लिहिलं असतं, तर जूनमध्ये तेच मतभेद पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले असते. मतभेद मिटायला ज्या दोन गोष्टी कमी पडत होत्या, त्या लिहिल्या. त्या आल्या की नाहीत हे कुणालाही तपासता येतं.

“निर्णय घेण्यात आलेला नाही” हे वाक्य मी मुद्दाम वेगळं ठेवतो. नुसती चर्चा लिहून सोडली की एक बाजू तिला मंजुरी समजते आणि दुसरी नामंजुरी, आणि सहा महिन्यांनी दोघंही तीच नक्कल घेऊन पंचायत समितीत उभे राहतात.

“ग्रामपंचायतीने पाठपुरावा करावा” हेही मी टाळतो. ग्रामपंचायत म्हणजे नेमकं कोण? लेव्हलचं काम स्वतःच्या नावावर घेतलं, कारण अभियंत्यांना फोन मीच करणार होतो. वारस नोंदीला १० मे ही तारीख हवेतून आली नाही. अर्ज झाला की फेरफाराची नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस द्यावे लागतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. जूनच्या सभेपासून उलटे दिवस मोजले की अर्ज मेच्या पहिल्या पंधरवड्यातच पडायला हवा. सभेला आलेल्या भावाला विचारलं, “तुमचं नाव घालू का?” तो क्षणभर घुटमळला. मग त्याची बायकोच मांडवाच्या कडेवरून म्हणाली, “घाला, घाला.” तेव्हा वहीत त्याचं नावही गेलं.

पाचव्या विषयाला एवढं काही लागलं नाही. व्यायामशाळेच्या साहित्याची मागणी होती. मागणाऱ्यांकडे दरपत्रकं नव्हती. “तीन दरपत्रके न आल्याने पुढील मासिक सभेत” एवढं लिहून मोकळा झालो. शेवटी पूर्ण इतिवृत्त माईकवर वाचलं. वाडीच्या आबांनी “दोन्ही पर्यायांचा अंदाजे पंपिंग खर्च” यातला “दोन्ही” शब्द पुन्हा वाचायला लावला. शेवटच्या ओळीखाली तिरपी रेघ मारली, सरपंचताईंची सही तिथेच घेतली.

अभियंता मेच्या अखेरीला मशीन घेऊन आले. वाडीची घरं गावठाणातल्या टाकीच्या जागेपेक्षा १४ मीटर उंच निघाली. टाकीचा तळ जमिनीपासून १२ मीटरवर, म्हणजे भरलेली टाकीसुद्धा वाडीच्या नळाला जेमतेम टेकणार. पाईपमधलं घर्षण धरलं तर तेवढंही नाही. माळावर मात्र स्टेजिंग बराच कमी करता येत होता, बांधकामाचा खर्च उतरत होता, पण मोटरचं बिल वाढणार होतं. गावठाणाची भीती खोटी नव्हती, हेही त्याच कागदावर आलं.

२८ जूनला लेव्हलचा तो कागद वाचला आणि टाकी कुठे यावरचा वाद फार चालला नाही. ज्यानं तहकूब करा म्हटलं होतं, तोच उठून म्हणाला, “मग आता बिलाचं बोला.” हात वर करून मतदान झालं, मोजून आकडे लिहिले, पर्याय (ब) बक्षीसपत्राच्या अटीवर मंजूर झाला. वीजबिलाची वाटणी अजेंड्यावर नव्हती, म्हणून ती १५ ऑगस्टच्या सभेसाठी स्वतंत्र विषय म्हणून टाकली.

बक्षीसपत्र मात्र अडकलं. वारस अर्जात मयत भावाचे दोन मुलगे होते, लग्न होऊन मुंबईला गेलेली मुलगी नव्हती. नोटीस लागल्यावर तिची हरकत आली, आणि ती बरोबरच होती. तिचाही वाटा आहे. भाऊ म्हणत होता, ती सही देईल, लिहून टाका. यजमान काही बोलणार तोच सरपंचताईंनी माईक जवळ ओढला.

“मुलीचं नाव अर्जात घालून दुरुस्ती करायची,” त्या म्हणाल्या. “कोण करणार ते लिहा भाऊसाहेब, आणि तारीख १५ जुलै टाका. तिला पत्र ग्रामपंचायतीतून मी पाठवते, तेही माझ्या नावावर लिहा.”