नोंदवही: समीकरणांचे क्रमांक डावीकडून उजवीकडे

या खेपेला हाताशी एक दुसऱ्याची असाइनमेंट होती. मैत्रिणीने वर्डची फाइल पाठवली आणि विचारलं, "क्रमांक उजव्या कडेला हवेत, ते डावीकडे का जाऊन बसतात? आणि समीकरणं प्रत्येक ओळीत वेगळ्याच ठिकाणी का सुरू होतात?"

फाइल उघडून ¶ बटण दाबलं, म्हणजे न दिसणाऱ्या खुणा दिसू लागतात. दोन्ही प्रश्नांची उत्तरं तिथेच होती. (1), (2) हे क्रमांक तिने नंबरिंगच्या बटणाने दिले होते. वर्डची यादी क्रमांक परिच्छेदाच्या सुरुवातीलाच टाकते, त्यामुळे समीकरण कितीही मधोमध आणलं तरी क्रमांक त्याच्या आधीच येणार. आणि समीकरणं स्पेस मारमारून मध्ये ढकललेली, म्हणून प्रत्येकाची जागा निराळी.

आधी सोपा उपाय करून पाहिला. नवीन वर्डमध्ये `Alt` आणि `=` दाबून समीकरणाची चौकट आणायची, शेवटी `#` लावून क्रमांक लिहायचा आणि एंटर मारायचा:

```
∑_(k=1)^n▒k^2=(n(n+1)(2n+1))/6#(1)
```

क्रमांक उजव्या कडेला जातो, समीकरण मध्ये राहतं. दोन-चार समीकरणांच्या गृहपाठाला एवढं पुरेसं आहे. पण तिच्या मजकुरात "समीकरण (1) वरून" असे उल्लेख जागोजागी होते. हा क्रमांक समीकरणाच्या चौकटीतच अडकलेला असतो, त्यामुळे तेवढाच उचलून त्याचा उल्लेख जोडणं कटकटीचं होतं.

टॅबचा उपाय पुष्कळजण सुचवतात: मध्ये एक मध्य-टॅब, कडेला एक उजवा टॅब. क्रमांक जागेवर बसतो खरा, पण त्याच ओळीत दुसरं काही आलं की वर्ड समीकरणाला ओळीतला मजकूर समजतो. अपूर्णांक आक्रसतात आणि ∑ च्या वर-खाली असलेल्या मर्यादा शेजारी सरकतात. n(n+1)(2n+1)/6 मधला छेदाचा 6 वाचायला डोळे ताणावे लागले. मग तो मार्ग सोडला.

शेवटी टिकला तो बिनरेषांचा तक्ता: एक ओळ, तीन स्तंभ. ए-फोर पानावर चारही बाजूंना 2.54 सेमी समास असेल तर मजकुराला 15.92 सेमी रुंदी मिळते. कडेचे स्तंभ 1.5 सेमी आणि मधला 12.92 सेमी ठेवला. डावा रिकामा, तो फक्त तोल सांभाळायला. नाहीतर मधलं समीकरण पानाच्या खऱ्या मध्यावर येत नाही. समीकरण खणात एकटं असल्याने अपूर्णांक पूर्ण आकारात राहतात. उजव्या खणात क्रमांक, उजवीकडे सरकवलेला.

तरीही क्रमांक समासापासून किंचित आत दिसत होता. वर्ड प्रत्येक खणाच्या डाव्या-उजव्या बाजूला 0.19 सेमी मोकळी जागा सोडतो, तिचा हा प्रताप. टेबल प्रॉपर्टीजमधल्या ऑप्शन्समध्ये ती शून्य केली आणि तिथेच "मजकुराप्रमाणे आपोआप आकार बदला" ही खूणही काढली. ती राहिली तर लांब समीकरण मधला स्तंभ फुगवतं आणि क्रमांक पुन्हा सरकतो. खणांची उभी मांडणी मध्यावर ठेवली, म्हणजे उंच अपूर्णांकाशेजारी क्रमांक वर लटकत नाही.

क्रमांक हाताने लिहिला नाही. कंसात कर्सर ठेवून `Ctrl+F9` दाबलं, उमटलेल्या महिरपी कंसांत हे लिहिलं आणि `F9` दाबलं:

```
SEQ Equation
```

आता मध्येच नवीन समीकरण आलं तर `Ctrl+A` आणि `F9` ने सगळे क्रमांक सुधारतात. आपोआप मात्र सुधारत नाहीत. फाइल सुपूर्द करण्यापूर्वी हे करायलाच हवं. उल्लेखांसाठी फक्त "(1)" एवढंच निवडून त्याला बुकमार्क दिला आणि मजकुरात क्रॉस-रेफरन्सने तो बुकमार्क जोडला. निवडताना खणाच्या शेवटची गोल खूण आत घेऊ नका, नाहीतर वाक्याच्या मध्यभागी तक्त्याचा तुकडा येऊन बसतो. ¶ बटण चालू असेल तर ती खूण दिसते.

तयार तक्ता क्विक पार्ट्समध्ये "समी" नावाने जतन केला. आता "समी" लिहून `F3` दाबलं की नवीन ओळ हजर.

एक गोष्ट शिल्लक आहे. सिद्धतेतल्या प्रत्येक पायरीला वेगळा क्रमांक हवा असेल तर प्रत्येक ओळीचं समीकरण सुटं होतं आणि `=` चिन्हं एकाखाली एक येत नाहीत. पुढच्या खेपेला मधला स्तंभ दोन करून पाहणार आहे: डाव्या बाजूची राशी उजवीकडे सरकवून आणि `=` पासून पुढचं सगळं शेजारच्या खणात डावीकडे धरून.