व्हिडिओतल्या मामांचा छापील फोटो: माझा अनुभव

मामा कॅमेऱ्यासमोर उभे राहिले की चेहरा ताठ व्हायचा, त्यामुळे त्यांचे ठेवणीतले फोटो आहेत तेही आखडलेले. मनमोकळे हसताना ते सापडतात ते एकाच ठिकाणी, मावसभावाने मोबाइलवर घेतलेल्या एका क्लिपमध्ये. त्यातली एक फ्रेम काढून भिंतीवर लावण्याजोगी करायची, हे काम माझ्याकडे आलं.

भावाने क्लिप चॅटवर पाठवली होती, ती मी उघडलीसुद्धा नाही. चॅटमधून येताना व्हिडिओ आकसतो आणि कातडीचा पोत सगळ्यात आधी जातो. त्याच्या फोनमधली मूळ फाइल केबल लावून घेतली. ती १९२० बाय १०८० पिक्सेलची निघाली. व्हिडिओ थांबवून स्क्रीनशॉट मारणंही टाळलं, कारण स्क्रीनशॉटमध्ये येतं ते आपल्या स्क्रीनच्या मापाचं चित्र, फाइलमधलं नव्हे. शिवाय प्लेअरवर फ्रेम फ्रेम पुढे सरकवत डोळ्यांनी निवड करायची म्हटलं, तर दहाएक फ्रेमनंतर सगळ्या सारख्याच दिसायला लागतात.

म्हणून हसण्याचे पाच सेकंद धरून त्यातल्या सगळ्या फ्रेम वेगळ्या काढल्या. यासाठी एफएफएमपेग हे फुकट मिळणारं साधन पुरतं:

```
ffmpeg -ss 00:01:10 -t 5 -i mama.mp4 -fps_mode passthrough f_%04d.png
```

`passthrough` लिहिण्याला कारण आहे. मोबाइलचा व्हिडिओ अगदी एकसारख्या वेगाने रेकॉर्ड होत नाही. हे लिहिलं नाही तर वेग समान करण्यासाठी काही फ्रेम दोनदा निघतात किंवा गाळल्या जातात, आणि नेमकी हवी ती फ्रेम गळाली तर आपल्याला पत्ताही लागत नाही. पीएनजी घेतलं, म्हणजे बाहेर काढताना फाइल लहान करण्यासाठीची दाबादाबी पुन्हा नको.

सेकंदाला ३० फ्रेमच्या हिशेबाने दीडशेच्या आसपास चित्रं हातात आली. आता यातलं सगळ्यात शार्प कोणतं? इथे एक साधी युक्ती चालते. एकाच दर्जावर जेपीजी केलं की ज्या चित्रात बारीक तपशील जास्त, त्याची फाइल मोठी होते. ब्लर झालेल्या चित्राची लहान. मात्र अख्ख्या फ्रेमची फाइल मोजून उपयोग नाही. मागचा नक्षीदार पडदा स्थिर असला की तोच भाव खातो, आणि मामांचा चेहरा हलला असला तरी फाइल मोठीच राहते. म्हणून फक्त चेहऱ्याचा चौकोन कापून मोजला:

```
ffmpeg -i f_%04d.png -vf crop=360:440:800:220 -q:v 2 c_%04d.jpg
```

चार आकड्यांपैकी पहिले दोन चौकोनाची रुंदी आणि उंची, पुढचे दोन तो डावीकडून आणि वरून कुठे सुरू होतो ते. मग फोल्डर आकारमानानुसार लावलं आणि वरच्या डझनभर चित्रांकडे नीट बघितलं. आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही. सगळ्यात मोठ्या फाइलमध्ये मामांचा हात गालापुढून जात होता, आणि घड्याळाचा पट्टा हाच तिचा ‘तपशील’ होता. दुसऱ्या नंबरच्या फ्रेममध्ये डोळे अर्धे मिटलेले.

उरलेल्यांची परीक्षा मी डोळ्यातल्या चमकेवर घेतली. बुबुळात खिडकीच्या उजेडाचा एक पांढरा ठिपका असतो. चित्र चौपट मोठं करून तो बघायचा. ठिपका रेघेसारखा ओढला गेला असेल तर शटर उघडं असताना डोकं हललं. गोल पण फुगलेला असेल तर फोकस चुकला. खोलीतल्या उजेडात फोन शटर बराच वेळ, कधी कधी सेकंदाच्या तिसाव्या भागाइतका उघडा ठेवतो, तेवढ्यात हसणारं डोकं सहज हलतं. शार्प फ्रेम निघाल्या त्या सगळ्या एकाच जागी: हसताना मान मागे जाऊन परत पुढे यायला लागते तिथे. झोका वर टोकाला पोचल्यावर क्षणभर थबकतो ना, तसंच. क्लिप कितीही लांब असली तरी शोधायचं ते हे थबकणं, असं माझं मत झालंय.

त्या थबकण्याच्या लागोपाठच्या चार फ्रेममध्ये चेहरा जवळपास जागचा हललेला नव्हता. चारही फ्रेम गिंप या फोटो सुधारायच्या फुकट प्रोग्राममध्ये एकावर एक लेअर करून ठेवल्या, डोळ्यांच्या कोपऱ्यांवर जुळवल्या आणि खालून वर अपारदर्शकता १००, ५०, ३३ आणि २५ टक्के ठेवली. अशाने चारींची बरोबर सरासरी निघते. उजेड कमी असताना गालांवर जे रवाळ दाणे नाचतात, ते फ्रेमगणिक बदलतात म्हणून सरासरीत विरतात. चेहरा मात्र तोच राहतो. हिशेबाने चार फ्रेममध्ये दाणे निम्म्यावर यायला हवेत, पण व्हिडिओच्या दाबादाबीमुळे शेजारच्या फ्रेममधले दाणेही थोडे सारखे असतात, त्यामुळे फायदा त्याहून कमी झाला. ओठ थोडे हलले होते, तिथे मास्क लावून एकाच फ्रेमचे ओठ ठेवले.

आता माप. उभा फोटो हवा होता, म्हणून १०८० उंचीतून ८६४ रुंदी कापली. ८ बाय १० इंचाच्या कागदावर हे काठोकाठ छापलं तर इंचाला १०८ पिक्सेल पडतात. हातात धरून बघायच्या फोटोला हे कमी आहे. मी कागद तोच ठेवला, पण चित्र ६ बाय साडेसात इंचाचं करून भोवती पांढरी कड सोडली. लगेच इंचाला १४४ झाले. मग गिंपमध्ये नोहेलो पद्धतीने बरोबर दुप्पट, म्हणजे १७२८ बाय २१६०, केलं, इंचाला २८८. दुपटीने नवा तपशील येत नाही, फक्त छपाईत पिक्सेलच्या पायऱ्या दिसत नाहीत.

शार्पनिंग मोठं केल्यानंतरच, आणि तेही डोळे, भुवया, मिशी आणि केसांपुरतं. अख्ख्या चेहऱ्यावर केलं की गालांवर दाबादाबीचे चौकोन उमटतात, लादी बसवल्यासारखे. उलट गाल फार गुळगुळीत झाले होते, तर शेवटी सगळ्या चित्रावर अगदी हलके दाणे घातले. आधी घालवले आणि मग परत घातले हे ऐकायला विचित्र वाटेल, पण हे दाणे सगळीकडे सारखे असतात आणि कागदावर मेणाचा पुतळा वाटत नाही.

पूर्ण प्रिंटआधी एका डोळ्यापासून कॉलरपर्यंतचा भाग तितक्याच पिक्सेलघनतेने ४ बाय ६ इंचावर छापून घेतला. स्क्रीनपेक्षा तो बराच काळोखा आला, म्हणून मधल्या छटा थोड्या उजळल्या. फोटो स्टुडिओत सांगितलं, ऑटो करेक्शन बंद आणि ‘फिट टू पेज’ नको. नाहीतर कड गेली आणि माझा हिशेबही गेला. मॅट कागद घेतला, तो बारीक दोष पोटात घालतो.

लाल शर्टाच्या कडा मात्र सुधारल्या नाहीत. व्हिडिओत रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा कमी पिक्सेलमध्ये साठवलेली असते, त्यामुळे गडद लाल जिथे संपतो तिथे दातेरी धार येते. नंतर भावाला हाच फोटो काठोकाठ १२ बाय १५ इंचाचा हवा होता. तिथे मूळचे इंचाला ७२ पिक्सेलच उरतात. जिन्याच्या वरच्या भिंतीवर, लांबून बघायला चालेल, टेबलावर ठेवायला नको, असं सांगून मी त्याला फाइल दिली.