बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर

आज ओपीडीत मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्याच्या तपासणीला आलेले बरेच जण स्कूटरवरून एकटेच आले होते. म्हणून हे लिहितेय.

या तपासणीआधी बाहुली मोठी करायला घालतो ते ट्रॉपिकामाइडचे थेंब थोडे चुरचुरतात. बाहुली पूर्ण मोठी व्हायला 20 ते 30 मिनिटं लागतात. मधुमेह जुना असेल तर ती हळू उघडते आणि थेंब पुन्हा घालावे लागतात.

यानंतर जवळचं धूसर होतं, कारण फोकस करणारा स्नायू ढिला पडतो. औषधाच्या चिठ्ठ्या, यूपीआयची रक्कम आधीच बघून घ्या. साधारण 4 ते 6 तासांत नजर पूर्ववत होते, काहींना दुसरा दिवस उजाडतो. लहान मुलांना अ‍ॅट्रोपिनचे थेंब घातले असतील तर आठवडा-दोन आठवडेही जातात.

लांबचं बरं दिसतं म्हणून गाडी काढू नका. बाहुली आकुंचन पावत नसल्याने समोरचा हेडलाइट थेट डोळ्यात घुसतो आणि खड्डा दिसत नाही. सोबत कुणाला तरी आणा, नाहीतर रिक्षा करा. गडद गॉगल आणि पुढे झाप असलेली टोपी, दोन्ही घ्या. गॉगलच्या वरून येणारं ऊन टोपीच अडवते.

डोळा ठणकून लाल झाला, दिव्यांभोवती रंगीत वलयं दिसली किंवा उलटी झाली, तर डोळ्यातला दाब वाढलेला असू शकतो. सकाळची वाट न बघता लगेच दवाखाना गाठा.