एका विशेषणाची रजा

‘सर्वांना नमस्कार. १ जुलैपासून लागू होणाऱ्या नव्या रजा धोरणाचा तीन मुद्द्यांतील सारांश सोबत जोडला आहे. कृपया वाचावा व काही शंका असल्यास कळवावे.’ एवढा मजकूर लिहून मी ती ईमेल आमच्या अकरा जणांच्या चमूला पाठवली. शंका एकाचीही आली नाही. सारांश उत्तम जमला आहे, असा मी त्याचा अर्थ घेतला.

मूळ धोरण चौदा पानांचे होते. ‘चौदा पाने कोणी उघडत नाही, तुम्ही तीन मुद्द्यांत सांगा, चौथा मुद्दा लोक वाचत नाहीत,’ असे वरिष्ठांनी सांगितले होते आणि ते मला पटलेही होते. मी एक अख्खी दुपार त्यात घालवली. पहिला मुद्दा असा, की वर्षाला आठ नैमित्तिक रजा मिळतील आणि त्या दर तिमाहीला दोन याप्रमाणे खात्यात जमा होतील. दुसरा असा, की वर्षात २४० किंवा अधिक दिवस काम केलेल्यांना पुढील वर्षी, केलेल्या कामाच्या दर वीस दिवसांमागे एक दिवस अर्जित रजा मिळेल. तिसरा सर्वांत आटोपशीर होता : ‘शिल्लक रजा ४५ दिवसांपर्यंत पुढील वर्षी नेता येईल.’ या वाक्यावर मी त्या दिवशी विशेष खूश होतो.

हे आकडे काही आमच्या कंपनीने मनाने काढलेले नव्हते. महाराष्ट्रातील दुकाने व आस्थापनांसाठी २०१७ साली झालेल्या अधिनियमात हेच आठ, हेच २४०, हेच वीस आणि हेच पंचेचाळीस आहेत. आमच्याकडे त्यापूर्वी सगळी रजा एकाच खात्यात पडत असे, तिला सगळे जण नुसती ‘लीव्ह’ म्हणत आणि उरलेली पुढच्या वर्षी सरळ चालू राही. नव्या धोरणाने त्या एका खात्याची दोन खाती केली. मी पहिल्या दोन मुद्द्यांत दोन्ही खाती नावानिशी सांगितली आणि तिसऱ्या मुद्द्यात, दुपारचे साडेचार वाजले होते म्हणून म्हणा किंवा ओळ एकाच रेषेत मावावी म्हणून म्हणा, ‘शिल्लक अर्जित रजा’ यातला ‘अर्जित’ हा शब्द काढून टाकला.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात चमूतली एक सहकारी माझ्या टेबलाशी आली. तिने मोबाइल पुढे धरला. पडद्यावर नैमित्तिक रजेपुढे २ हा आकडा होता. ‘सर, इथे सहा हव्या होत्या. माझ्या चार सीएल कुठे गेल्या?’ तिचा हिशोब चोख होता. जुन्या खात्यातली शिल्लक तिने मे महिन्यात भावाच्या लग्नात संपवली होती. जुलैत दोन आणि ऑक्टोबरमध्ये दोन अशा चार नैमित्तिक रजा जमा झाल्या, पण तिने गणपतीतही एक टाकली नाही. तिचे गाव रत्नागिरीकडचे, घरची पालखी शिमग्याला दारात येते आणि त्यासाठी तिला सलग चार दिवस हवे होते. जानेवारीच्या दोन मिळून सहा होतील, चार शिमग्याला जातील, दोन हाताशी राहतील, असा बेत तिने माझ्या तिसऱ्या मुद्द्यावर विसंबून केला होता.

आमच्या धोरणातले नववे पान मी तिच्यासमोरच उघडले. तिथे स्वच्छ लिहिले होते, की वर्षअखेर न वापरलेली नैमित्तिक रजा बुडेल आणि पुढे नेण्याची सोय फक्त अर्जित रजेला राहील. कायद्यातही हेच आहे. ती शांतपणे म्हणाली, ‘सर, तुम्ही पाठवलेल्यात हे नव्हतं.’ यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते, कारण खरोखरच नव्हते.

त्या संध्याकाळी मी दोन्ही मजकूर शेजारी ठेवून पाहिले तेव्हा लक्षात आले, की खाते क्रमांक विसरावा तसा काही मी तो शब्द विसरलो नव्हतो. तो मला फालतू वाटला होता. वास्तविक सगळा नियम त्या दोन विशेषणांतच बसलेला आहे. नैमित्तिक म्हणजे निमित्त घडले तर घ्यायची. मूल तापाने फणफणले, घरात पाणी शिरले, कोणी अचानक गेले, अशा वेळेसाठी ती असते आणि ज्या वर्षी तसे काही घडले नाही त्या वर्षीचे निमित्त पुढच्या वर्षासाठी साठवून ठेवता येत नाही. अर्जित रजा मात्र काम करून मिळवलेली असते, म्हणून ती एखाद्या ठेवीसारखी साचते. कार्यालयात आपण दिवसभर ‘सीएल’ आणि ‘पीएल’ म्हणतो, त्या आद्याक्षरांत हा फरक ऐकू येत नाही.

मग उरलेली पानेही मी वाचली, आणि आणखी एक गळालेले वाक्य सापडले. पंधरा दिवस आधी अर्ज करूनही कंपनीने अर्जित रजा नाकारली, तर ४५ च्या वर जाणाऱ्या दिवसांचे पैसे मागण्याचा कर्मचाऱ्याला हक्क आहे. हे वाक्य सारांशात घ्यावे असे मला सुचलेच नव्हते, कारण अशी वेळ कोणावर येते, असे मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात आमच्याच चमूत एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे खाते ४४ वर टेकलेले होते. दिवाळीपूर्वी त्यांनी रजेचा विषय दोनदा काढला, दोन्ही वेळा मीच ‘जरा हे काम उरकू द्या, मग बघू’ असे तोंडी म्हणालो आणि त्यांनी अर्ज केलाच नाही. अर्ज नाही म्हणजे नकाराची नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणजे तो हक्क नुसता कागदावर. सारांशात हे वाक्य असते, तर ते निदान अर्ज टाकून मोकळे झाले असते आणि मलाही हो किंवा नाही यांपैकी काहीतरी लिहून द्यावे लागले असते.

बुडालेल्या चार रजा परत जमा करता येतील का, हे मी मनुष्यबळ विभागाला विचारले. वर्ष बंद झाल्यावर ते खाते उघडत नाही, असे उत्तर एका ओळीत आले. तिने गेल्या वर्षी २६० दिवस काम केले होते, त्यामुळे नव्या वर्षाच्या तेरा अर्जित रजा तिच्या नावावर होत्या. त्यांतल्या चार शिमग्याला गेल्या आणि नऊ उरल्या. तिचे गावी जाणे झाले, हे खरे. पण त्या चार रजा तिने मोबदल्याशिवाय कंपनीला दिल्या, हेही तितकेच खरे आहे.

दुसरी ईमेल मी जानेवारीतच पाठवली. विषय ठेवला ‘रजा धोरण : तिसऱ्या मुद्द्यात दुरुस्ती’. तो मुद्दा आता असा आहे : ‘फक्त शिल्लक अर्जित रजा ४५ दिवसांपर्यंत पुढे नेता येईल. नैमित्तिक रजा ३१ डिसेंबरला बुडेल, तेव्हा ती त्याआधी वापरावी. अर्जित रजेचा अर्ज पंधरा दिवस आधी आणि लेखीच करावा, नकार मिळाल्यास तोही लेखी मागावा. सविस्तर नियम पान नऊ ते अकरा.’ वरिष्ठांनी तो वाचून ‘हे आता तीन मुद्दे राहिले नाहीत’ असा शेरा मारला. या वेळी मात्र शंकांची चार उत्तरे आली, आणि पाचव्या ईमेलमध्ये त्या ज्येष्ठ सहकाऱ्यांचा मार्चमधल्या आठ दिवसांचा अर्ज जोडलेला होता.