पाणी वजा जाता

आठवड्याचा स्वयंपाक रविवारी उरकायचा म्हटलं की पहिला हिशेब वेळेचा मांडला जातो. दोघंही संध्याकाळी उशिरा घरी येणार, म्हणून रविवारी तीन तास दिले की पाच रात्री सुटल्या. हिशेब बरोबरच असतो, पण तो फ्रीजला विचारलेला नसतो. दोघांसाठी एका रात्रीची रस्साभाजी किंवा आमटी साधारण लिटरभर होते. पाच रात्रींची पाच लिटर. लहान फ्रीजमध्ये दूध, भाज्या, अंडी, दही आणि कालचं थोडंसं उरलेलं मांडून झालं की रविवारच्या स्वयंपाकाला जेमतेम एक फळी उरते. मग पातेल्यावर ताटली, ताटलीवर वाटी अशी उतरंड रचली जाते आणि मागचं दही काढायला सगळी उतरंड ओट्यावर उतरवावी लागते.

या पाच लिटरांत आहे काय, हे पाहिलं तर बहुतेक पाणीच आहे. कांद्यात 100 ग्रॅममागे सुमारे 89 ग्रॅम पाणी, टोमॅटोत 94 ग्रॅमच्या आसपास, वर रश्श्यासाठी आपण ओतलेलं वेगळं. म्हणजे नळाला पाणी असताना आपण ते डब्यात भरून, थंड करून, पाच दिवस सांभाळतो. फ्रीज लहान असेल तर रविवारी पदार्थ पूर्ण करायचे नाहीत. जे शिजायला वेळ लागतो तेवढं शिजवायचं, त्यातलं पाणी काढायचं आणि ते ज्या त्या रात्री परत घालायचं.

याचा कणा म्हणजे कांदा-टोमॅटोचा आटवलेला मसाला. प्रमाण सोपं आहे: 1 किलो कांदा, 1 किलो टोमॅटो, 100 मिली तेल, दोन मोठे चमचे वाटलेलं आलं-लसूण, एक छोटा चमचा मीठ. भांडं मात्र घरातलं सगळ्यात पसरट घ्यावं. खोल पातेल्यात खालच्या कांद्याची वाफ वरच्या कांद्यात अडकते आणि तो परतला न जाता उकडला जातो. पाणी आहे तोवर कांद्याचं तापमान 100 अंशांच्या पुढे फारसं जात नाही, आणि रंग धरायला त्याहून जास्त उष्णता लागते. म्हणून गॅस मोठा करून उपयोग नसतो. कडेचा कांदा करपतो आणि मधला पांढराच राहतो. पातळ चिरलेला कांदा मीठ घालून आधी दहा मिनिटं झाकून मऊ करावा, मग झाकण काढून मध्यम आचेवर पंचवीस-तीस मिनिटं परतावा. पहिली पंधरा मिनिटं काहीच घडत नाही असं वाटतं. पाणी संपल्यावर मात्र रंग भराभर बदलतो, तेव्हा फोन उचलू नये.

कांदा तांबूस झाला की आलं-लसूण दोन मिनिटं परतून टोमॅटो घालायचे आणि पुन्हा वीस-पंचवीस मिनिटं आटवायचं. झालं कधी, हे घड्याळापेक्षा कढई नीट सांगते. सुरुवातीचे बारीक, घाईचे बुडबुडे जाऊन जाड, आळशी बुडबुडे फुटू लागतात. उलथन्याने मधून रेघ ओढली तर ती मिटत नाही. कडेला तेल दिसतं. दोन किलोंहून जास्त ऐवजाचा या टप्प्यावर साधारण 750 ग्रॅम गोळा उरतो. एका रात्रीला 150 ग्रॅम, म्हणजे पाच रात्री. यात तिखट, हळद किंवा दुसरा कुठलाही मसाला घालायचा मोह आवरावा. रविवारी घातलेली चव शुक्रवारपर्यंत पिच्छा सोडत नाही, आणि बुधवारी "आज पुन्हा तेच?" हा प्रश्न येतो तो त्यामुळेच. मसाले ज्या त्या रात्री चमचाभर तेलात फुलवायला एक मिनिट लागतं.

कांदा परतला जात असताना शेजारच्या शेगडीवर कुकर. शनिवारी रात्री भिजवलेला 250 ग्रॅम राजमा शिजून सुमारे 600 ग्रॅम होतो. तो टोमॅटोत शिजवू नये. आंबटपणामुळे साल आणि गर मऊ व्हायला फार वेळ लागतो, कधी कधी दाणा शेवटपर्यंत कचकचीत राहतो. साध्या पाण्यात आधी पूर्ण शिजवावा, दाणा दोन बोटांत दाबला की लोण्यासारखा चेपला पाहिजे. कुकर नसेल तर राजमा किमान दहा मिनिटं खळखळून उकळलाच पाहिजे, कारण कच्च्या दाण्यातलं विषारी द्रव्य मंद आचेच्या उबेने जात नाही आणि पोट बिघडवतं. दुसऱ्या खेपेला 200 ग्रॅम डाळ, दुप्पट पाण्यात, घट्ट. तीही 600 ग्रॅमच्या आतबाहेर भरते. दोन्हींत मीठ-फोडणी काही नाही.

भात रविवारी करायचाच नाही, असं आमचं ठाम मत. तो शिजायला वीस मिनिटं लागतात आणि तेवढ्यात घरी आलेल्या माणसांचे हातपाय धुऊन होतात. उलट शिजलेला भात तांदळाच्या जवळजवळ तिप्पट जागा खातो, फ्रीजच्या गारठ्यात त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट होऊन शीत कडक पडतं, आणि नीट थंड न केलेल्या भाताचा एक धोकाही असतो. तांदळातल्या एका जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात तासन् तास कोमट राहिला तर ते वाढतात आणि त्यांनी सोडलेलं विष नंतर गरम करूनही जात नाही. वीस मिनिटांच्या बचतीसाठी एवढं सगळं कशाला?

हा कोमटपणा डाळीला आणि राजम्यालाही बाधतो, आणि रविवारच्या स्वयंपाकात चूक होते ती बहुधा इथे. बारा वाजता स्वयंपाक होतो, जेवण होतं, डुलकी लागते, आणि कुकर झाकण लावलेला तसाच ओट्यावर. "निवलं की ठेवू" म्हणता म्हणता पाच वाजतात आणि आतली डाळ तरीही कोमटच असते. 5 ते 60 अंशांच्या मधला काळ जंतूंच्या वाढीचा. तो दोन तासांत संपवून अन्न फ्रीजमध्ये गेलं पाहिजे, खोलीच 32 अंशांच्या वर तापलेली असेल तर तासाभरात. दुसऱ्या टोकाची घाईही नको. वाफाळतं पातेलं लहान फ्रीजमध्ये सरकवलं की बिचारी यंत्रणा कितीतरी वेळ धापा टाकत राहते आणि तोवर शेजारचं दूध कोमट होतं.

निववण्यात खरा खेळ जाडीचा आहे. थर निम्मा केला तर मधल्या भागाची उष्णता बाहेर यायला जवळपास चौथा भाग वेळ पुरतो. म्हणून आटवलेला मसाला परातीत दोन सेंटिमीटरचा थर करून पंख्याखाली ठेवावा, अर्ध्या तासात तो हाताला गार लागतो. डाळ-राजम्याचं भांडं सिंकमध्ये थंड पाण्यात बसवावं, मधूनमधून ढवळावं, बाहेरचं पाणी कोमट झालं की बदलावं. दोनदा बदललं की पुरे होतं. इथे पाणी वजा केल्याचा दुसरा फायदा दिसतो: कमी ऐवज, कमी उष्णता, लवकर थंड.

आता मांडणी. शिजवलेलं अन्न 4-5 अंशांत तीन, फार तर चार दिवस धरावं. तेव्हा सोमवार, मंगळवार, बुधवार खाली. गुरुवार, शुक्रवार बर्फाच्या कप्प्यात. खाली तीनच डबे जातात: 450 ग्रॅम मसाला, सगळी डाळ, निम्मा राजमा. मिळून दीड लिटरच्या आत, तेही एका फळीवर. डबे चौकोनी घ्यावेत. गोल डबा आपल्या चौकोनी जागेतला एक पंचमांश भाग कोपऱ्यांत वाया घालवतो. डब्यांच्या मागे आणि बाजूला हवा खेळायला बोटभर जागा सोडावी, आणि शिजवलेलं काही दारात ठेवू नये. उघडझाकीमुळे दार सगळ्यात उबदार असतं.

बर्फाच्या कप्प्यात तीन पिशव्या: मसाल्याच्या दोन आणि उरलेल्या राजम्याची एक. पिशवी आडवी ठेवून, हवा दाबून काढून, मसाला बोटभर जाडीचा चपटा करावा आणि गोठेपर्यंत स्टीलच्या ताटलीवर सपाट ठेवावा. नंतर पिशव्या वह्यांसारख्या उभ्या लावता येतात. राजम्यात मात्र शिजवलेलं थोडं पाणी राहू द्यावं, दाणे जेमतेम बुडतील इतकं. कोरडे गोठवले तर साली फाटतात आणि दाणा पिठूळ लागतो. नियमाला एवढा अपवाद. कप्प्यावर चांदण्या छापल्या असतील तर त्या वाचाव्यात: एक म्हणजे उणे 6 अंश, दोन म्हणजे उणे 12, तीन म्हणजे उणे 18. एका चांदणीच्या कप्प्यात पाच दिवस निभतात, महिन्याचा साठा नाही.

सोमवारी निम्मी डाळ, वाटीभर मसाला, ताज्या फ्लॉवरचे तुरे आणि दोन कप उकळतं पाणी. डाळ फ्रीजमध्ये वडीसारखी थिजलेली असते. गार पाण्यात ती गुठळ्या धरते, उकळत्यात सुटते. मंगळवारी राजमा. बुधवारी उरलेली डाळ आणि आठवड्यातली पालेभाजी, जी तोवर न धुता कोरड्या कापडात गुंडाळून ठेवलेली असते. ओली ठेवली तर मंगळवारीच चिकट होते. दर वेळी लागेल तेवढंच काढावं आणि मधोमध बुडबुडे येईपर्यंत उकळावं, नुसती कडेला वाफ दिसली म्हणून उतरवू नये. गुरुवारी गोठलेला मसाला, अर्धा कप पाणी, आणि रस्सा उकळला की त्यात फोडलेली चार अंडी, झाकण ठेवून सहा-सात मिनिटं. शुक्रवारी राजम्यात त्याच दिवशी उकडलेला बटाटा. बटाटा रविवारी शिजवून गोठवला तर स्पंजासारखा पाणी सोडतो आणि रवाळ लागतो.

पिशवी आदल्या रात्री खालच्या फळीवर उतरवायची असते, आणि ती उतरवायला विसरली जाते हेही गृहीत धरावं. मसाल्याचं अडत नाही, चपटी वडी मोडून तशीच कढईत टाकता येते. राजम्याची पिशवी तोंड घट्ट बांधून थंड पाण्यात बुडवली की अर्ध्या-पाऊण तासात दाणे सुटे होतात. तोवर बटाटा उकडून होतो.