कुळव की कोळपे? खानापूरकडच्या एका फोटोची ओळख, नोंद तिसरी

मागच्या दोन नोंदींत हे अवजार ‘लहान कुळव’ म्हणून लिहिले होते. ती ओळख चुकीची ठरली. चूक का झाली हे सविस्तर लिहायला हवे, कारण पडवीतल्या जुन्या अवजारांचे बहुतेक फोटो असेच फसवतात.

फोटोत दिसते ते असे: भिंतीला टेकवून उभे केलेले अवजार. वर धरायचे रुमणे, मध्ये आडवा लाकडी ठोकळा म्हणजे दिंड, दिंडातून खाली आलेली दोन जानकुळे आणि त्यांच्या टोकांना बसवलेली लोखंडी पट्टी, म्हणजे पास. पुढे बैलांकडे जाणारी दांडी निघालेली आहे, तिची खाच तेवढी दिसते. एवढ्यावरून एक गोष्ट नक्की होते: हे पेरणीचे अवजार नाही. कुरीलाही असेच दिंड असते, पण खाली पास नसते. तिथे सुटे फण असतात आणि चाड्यातून बी खाली आणणारे नळे बसवण्यासाठी फणांना भोके असतात. इथे तशी भोके नाहीत.

मग उरतात कुळव आणि कोळपे. दोन्हींची बांधणी एकच. दोन्ही जमिनीच्या वरच्या थरात आडवी पास ओढत नेतात. फरक कामाचा आहे. कुळव पेरणीआधी मोकळ्या रानात चालतो. तो ढेकळे फोडतो, जुनी धसकटे उपटतो, रान सपाट करतो. कोळपे उभ्या पिकात, दोन ओळींच्या मधून चालते. म्हणून कुळवाची पास दोन ते तीन फूट लांब चालते, भारी रानात त्याहूनही लांब. कोळप्याची पास मात्र ओळींतल्या जागेत मावली पाहिजे, त्यामुळे ती साधारण अर्ध्या फुटापासून एक फुटापर्यंतच असते.

नावावर विसंबता येत नाही, याचे कारण आपल्या मराठी-कन्नड पट्ट्यात उघड आहे. घरातल्या आजोबांनी फोटो पाठवताना ‘कुंटे’ एवढेच सांगितले होते. कन्नडमध्ये कुंटे म्हणजे कुळव, आणि तोच धागा धरून पहिली ओळख लिहिली गेली. पण कोळप्यालाही कन्नडमध्ये एडेकुंटे म्हणतात. ‘एडे’ म्हणजे ओळींमधली जागा. बोलताना सुरुवातीचा ‘एडे’ गळतो आणि दोन्ही अवजारे ‘कुंटे’ होतात. तेव्हा कुणी ‘कुंटे’ म्हटले की लगेच विचारावे, “आजोबा, हे पेरायच्या आधी फिरवायचं की पीक आल्यावर?” नाव विचारण्यापेक्षा हा प्रश्न जास्त उपयोगी पडतो.

आता मापाबद्दल. फोटोत भिंतीवर ए-फोर कागद चिकटवलेला होता. त्याची लांब बाजू 29.7 सेंटीमीटर, म्हणजे मापासाठी चांगली खूण. मोबाइलच्या पडद्यावर पट्टी ठेवून कागदाची लांब बाजू मोजली ती 66 मिलिमीटर भरली आणि पास 62. 62 ला 66 ने भागून 29.7 ने गुणले की 27.9 सेंटीमीटर येतात. जवळजवळ एक फूट, म्हणजे लहान कुळव किंवा 45 सेंटीमीटर ओळींचे मोठे कोळपे. पहिल्या नोंदीतला आकडा हाच होता.

त्यात गफलत अशी की कागद भिंतीवर होता आणि पास भिंतीपासून एक फूट पुढे. अवजार टेकवताना त्याचे डोके भिंतीला लागते, पण पाय पुढेच राहतात. मोबाइल पासेपासून सव्वा मीटरच्या आत, अंदाजे 1.2 मीटरवर धरलेला होता. म्हणजे कागद कॅमेऱ्यापासून 1.5 मीटरवर होता. लांबचा कागद जितका लहान दिसला, तितकी पास मोठी भरली. 1.2 ला 1.5 ने भागले की 0.8. 27.9 ला 0.8 ने गुणले की 22.3. फूटभर वाटलेली पास प्रत्यक्षात नऊ इंचांहून थोडी कमी निघाली.

हिशोब बरोबर आहे का हे पाहायला दुसरा फोटो मागवला. अवजार जमिनीवर आडवे ठेवले, कागद पासेला लागूनच आणि पासेच्याच उंचीवर, खाली वीट देऊन. कॅमेरा वरून सरळ खाली धरला आणि पास फोटोच्या मधोमध घेतली, कारण मोबाइलच्या भिंगात कडेची वस्तू ताणली जाते. या फोटोत कागद 64 मिलिमीटर आणि पास 48. म्हणजे 64 चा पाऊण हिस्सा, आणि 29.7 चा पाऊण हिस्सा 22.3. दोन वेगळ्या फोटोंतून एकच माप आल्यावर शंका उरली नाही. यापुढे फोटो पाठवणाऱ्यांना एकच विनंती: मापाची वस्तू पासेच्या शेजारी ठेवा, मागे नको. दहा रुपयांचे नाणेही चालते, त्याचा व्यास 27 मिलिमीटर असतो. पण नाणे लहान असल्यामुळे पडद्यावर मोजताना अर्ध्या मिलिमीटरची चूकही उत्तरात मोठी होते. कागद केव्हाही बरा.

22 सेंटीमीटरची पास म्हणजे कोळपेच. आता प्रश्न पिकाचा. कोळप्याची पास ओळींतल्या अंतरापेक्षा सात-आठ सेंटीमीटर तरी कमी ठेवावी लागते, म्हणजे दोन्ही बाजूंना चार-चार बोटे नाही तरी चार-चार सेंटीमीटर जागा सुटते. बैल थोडा इकडेतिकडे सरकतोच. जागा कमी सुटली तर पासेचे कान रोपांच्या मुळ्या कापतात. रोप लगेच पडत नाही, दोन-तीन दिवसांनी ओळीतली एका बाजूची रोपे माना टाकतात, तेव्हा कळते. 22 मध्ये आठ मिळवले की 30 सेंटीमीटर. ही ओळ भुईमुगाची आणि सोयाबीनची.

हे पडताळायला आणखी एक चांगला पुरावा त्याच पडवीत असतो, आणि तो मागायचा राहून जातो. कोळपे नेहमी घरच्या कुरीच्या मापाने करून घेतलेले असते. ओळी कुरी पाडते, कोळपे त्याच ओळींतून जाते. म्हणून कुरीच्या शेजारशेजारच्या दोन फणांच्या टोकांमधले अंतर मागवले. उत्तर आले एक फूट, म्हणजे 30 सेंटीमीटर. हे माप भोकांजवळ न घेता टोकांजवळ घ्यायचे, कारण जुने फण वाकलेले असतात.

खानापूर तालुका म्हटले की भात डोळ्यांपुढे येते आणि तसा प्रश्नही विचारला गेला: हे भाताचे कोळपे नसेल का? बेळगाव-खानापूरच्या बाजूला पाऊस लागायच्या सुमारास कुरीने भात पेरतात आणि त्यात कोळपणही करतात. पण त्या ओळी जवळ असतात, 20 ते 22 सेंटीमीटरच्या. तिथे 22 ची पास घातली तर पीकच उपटून येईल. भाताच्या कोळप्याची पास याच्या निम्म्याहून थोडी मोठी असते. तेव्हा हे अवजार त्या घरच्या माळावरच्या मसारी जमिनीतले आहे, खाचरातले नाही.

फोटोत आणखी एक खूण आहे आणि ती सगळ्यात बोलकी वाटते. दोन्ही जानकुळांवर, पासेच्या थोडे वर, गुळगुळीत झिजलेले पट्टे दिसतात. ही दोरीची घासण आहे. शेवटच्या पाळीला जानकुळांना दोरी गच्च गुंडाळली की मोकळी झालेली माती मागे सरळ न पडता दोन्ही बाजूंना ढकलली जाते. ओळीला भर लागते आणि मधे उथळ सरी पडते. सोयाबीनमध्ये ही सरी मुसळधार पावसात पाणी काढून देते आणि उघडीप पडली की ओलही धरते. कुळवाला अशी दोरी गुंडाळायचे काही कारणच नसते. हे पट्टे पहिल्या फोटोतही होते, पण तेव्हा ते नुसती झीज म्हणून सोडून दिले गेले.

या कोळप्याने काम कसे करायचे, हेही लिहून ठेवतो, कारण दोघांनी ते दुरुस्त करून वापरायचा विचार कळवला आहे. पहिली पाळी पेरणीनंतर 15 ते 20 दिवसांनी, तण दोन-तीन पानांवर असताना. दुसरी त्यानंतर दोन आठवड्यांनी. जमीन वापशावर हवी. माती मुठीत दाबून सोडली की ढेकूळ बोटाने सहज फुटते, तो वापसा. ओल जास्त असेल तर माती पासेला चिकटून गोळा होते, पास कापायची थांबते आणि नुसती घसटत जाते. उपटलेले तणही ओल्या मातीत पुन्हा मूळ धरते. रान फार सुकले असेल तर कवच मोठ्या खपल्यांनी उठते आणि त्या खपल्या लहान रोपांवर पडतात.

पास तीन-चार सेंटीमीटर खोल जावी. खोली जुवाजवळच्या दोरीने बदलते: दांडी जुवाला आखूड बांधली की तिचे तोंड उचलले जाते आणि पास उथळ चालते, सैल सोडली की खोल जाते. पास वरवर घसरत असेल तर आधी धार पाहा. मागे मातीऐवजी गवताचे झुपके ओढले जात असतील तर धार गेली आहे, दोरी बदलून उपयोग नाही. कानस मारताना पासेचे कोपरे टोकदार करू नका. झिजून गोल झालेले कोपरे पिकाला सांभाळतात. बैलांना मुसकी बांधायला विसरू नये, सोयाबीनच्या ओळीतून बैल तोंड न घालता जात नाही.

भुईमुगात थांबायची वेळ काटेकोर आहे. फुले येऊन आऱ्या जमिनीत शिरायला लागल्या की कोळपे बंद. त्यानंतर पास फिरवली तर आऱ्या तुटतात आणि तेवढ्या शेंगा कमी होतात. वरून वेल हिरवागार दिसतो, नुकसान काढणीलाच कळते. सोयाबीनमध्येही फुलोऱ्यानंतर कोळपू नये.

अथणीकडून विचारणा आली की हेच कोळपे रब्बी शाळवात, 45 सेंटीमीटरच्या ओळीत चालेल का. चालेल, पण एका फेरीत दोन्ही बाजूंना प्रत्येकी अकरा-बारा सेंटीमीटर पट्टा तसाच राहतो आणि तण नेमके तिथेच, ताटाच्या बुडाशी उरते. मग एका ओळीला लागून जायचे आणि येताना दुसरीला लागून यायचे, म्हणजे प्रत्येक ओळीत दोन फेऱ्या. त्यापेक्षा लोहाराकडून 32-33 सेंटीमीटरची दुसरी पास करून घ्यावी. मात्र जानकुळांमधले अंतर आधी मोजून न्या. या फोटोतली जानकुळे एकमेकांपासून जेमतेम 14 सेंटीमीटरवर आहेत. त्यावर तेवढी लांब पास बसवली तर दोन्ही कान नऊ-नऊ सेंटीमीटर आधाराशिवाय बाहेर राहतात आणि काळ्या रानात पहिल्याच दगडाला वाकतात. शाळवासाठी दिंडच नवे लागेल.