लाल-निळी पेन्सिल आणि सत्ताविसावा भाग: आमची वाटचाल

आमच्या डबिंग स्टुडिओतली सगळ्यात जुनी वस्तू म्हणजे एक लाल-निळी पेन्सिल. एक टोक लाल, एक निळं, मास्तर वह्या तपासायला वापरायचे तसली. 2006 साली अण्णांनी आणि मी गोरेगावात दहा बाय बाराच्या गाळ्यात बूथ उभा केला, तेव्हा भिंतींना गोधड्या ठोकल्या होत्या. श्वासाचा फटका माइकला लागू नये म्हणून लावतात तो पॉप फिल्टर म्हणजे भरतकामाच्या रिंगवर ताणलेला नायलॉनचा मोजा. तो मोजा तीन वर्षं टिकला. माइक मात्र पहिल्या दिवसापासून न्यूमनचा यू 87, आणि त्यासाठी माझ्या पाटल्या गेल्या. गोधडीवर भागतं, माइकमध्ये कंजुषी केली की ती प्रत्येक टेकमध्ये ऐकू येते.

अण्णा आकाशवाणीतून निवृत्त झालेले ध्वनिमुद्रक. पेन्सिल त्यांची. संहिता आली की ते आधी चित्र बघायचे आणि प्रत्येक वाक्याखाली रेघ मारायचे: मालिकेची मुख्य भाषा निळी, पात्र मध्येच ज्या भाषेत शिरतं ती लाल. आमच्याकडे तेव्हा मुंबईत घडणाऱ्या हिंदी मालिका मराठीत करायला यायच्या. त्यात हिंदी बोलता बोलता माणसं मराठीत शिरणारच. अण्णांचा दंडक असा की लाल रेघेतलं वाक्य लगेच भाषांतराला घ्यायचं नाही. भाषा का बदलली ते आधी समासात लिहायचं. नायिका हिंदी वाक्यात ‘आई’ म्हणते ती सवय झाली, तिला मराठीत आणताना काही बिघडत नाही. सासू रागाच्या भरात मराठीत घसरते, तेव्हा तो राग शब्दांऐवजी आवाजात आणता येतो. पण दोघं जण तिसऱ्याला कळू नये म्हणून भाषा बदलतात, तिथं अण्णा दोनदा रेघ मारायचे. “ताई, इथं गोष्ट अडकलीय,” म्हणायचे. “इथं हात लावायच्या आधी मला विचारा.”

मधली आठ-नऊ वर्षं बरी गेली, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सांगायचं आहे ते पोलीस मालिकेबद्दल.

ती हिंदी मालिका मुंबईतल्या एका पोलीस ठाण्यावर होती. उत्तरेकडून आलेला इन्स्पेक्टर हिंदीत बोलतो, हवालदार त्याच्याशी हिंदीत आणि आपसात मराठीत. नवव्या भागात तो विचारतो, “रिपोर्ट कब तक मिलेगी?” हवालदार म्हणतो, “साहब, कल सुबह.” आणि लगेच शेजारच्याकडे वळून मराठीत, “याला काय कळतंय, पंचनामाच झाला नाही अजून.” साहेब तीन फुटांवर उभा. तो फाइलमधून मान वर न काढता शुद्ध मराठीत सांगतो, “मग पंचनामा आज रात्री होईल.” मूळ मालिकेत हा प्रसंग नऊ भाग शिजवून आणला होता.

आता हे मराठीत करा! सगळेच मराठी बोलणार. मग हवालदार साहेबाच्या तोंडावर त्याला मूर्ख म्हणतो आणि साहेब उत्तर देतो, एवढंच उरतं. सापडलेल्या गुपिताची मजा गेली.

पहिल्या वाक्याचा प्रश्न नव्हता. ‘कब’मधल्या ब ला आणि ‘मिलेगी’तल्या म ला ओठ मिटतात आणि क्लोजअपमध्ये ते दिसतं. ‘रिपोर्ट कधी मिळेल’ म्हटलं तर ब च्या जागी तोंड मिटतं आणि आवाज येतो धी चा. ‘रिपोर्ट कधीपर्यंत मिळेल’ केलं की ‘पर्यंत’चा प त्या मिटण्याजवळ बसतो. एक अक्षर जास्त होतं, ते कलाकार घाईने म्हणून टाकतो. पुढच्या वाक्यावर मात्र आम्ही दोन दिवस बसलो.

साहेबाची हिंदी तशीच ठेवावी, हा माझा आग्रह होता. महाराष्ट्रात ती कुणाला कळत नाही? वाहिनीने नकार दिला, मराठी वाहिनीवर अर्धा भाग हिंदी चालणार नाही म्हणून. अण्णांचीही एक अडचण होती आणि ती रास्त होती. हवालदार एकाच दमात हिंदीतून मराठीत येतो. मूळ आवाज अर्धा ठेवला आणि अर्धा आपल्या कलाकाराचा घातला, तर एकाच तोंडातून दोन माणसं बोलतात. शिवाय मूळ रेकॉर्डिंग ठाण्याच्या सेटवरचं, आपलं बूथमधलं, म्हणजे वाक्याच्या मधोमध खोलीही बदलते. एक भाषा मूळ आवाजात ठेवायची, तर ती फक्त त्याच भाषेत बोलणाऱ्या पात्राचीच ठेवावी. दुभाषी पात्राला दोन्ही भाषा येणारा कलाकारच लागतो.

शेवटी तोडगा निघाला: साहेब आणि ठाणं प्रमाण मराठी बोलेल, हवालदारांची कुजबुज मालवणीत. “हेका काय कळता, पंचनामो झालो नाय अजून.” साहेबाचं उत्तरही मालवणीत. मराठी प्रेक्षकाला दोन्ही कळतं, आणि ही आमच्या घरातली बोली, बाहेरच्यांसाठी नाही, हेही कळतं. आम्ही खूश. वितरकाच्या ऑफिसातल्या बाईंनी फोन करून सांगितलं की मूळच्यापेक्षा हे जास्त रंगलंय. या बाई पहिल्या वर्षापासून आमच्याकडे काम पाठवत आल्या, त्यांचा शब्द माझ्यासाठी मोठा.

त्या काळी भाग आठवड्याला दोन यायचे. पुढचे भाग कुणी दाखवत नसे, मागायची पद्धतही नव्हती. नऊपासून सव्विसाव्या भागापर्यंत कुजबुज मालवणीत गेली.

मग सत्ताविसावा आला. साहेब आणि हवालदार रात्री गस्तीच्या गाडीत बसलेत. हवालदार विचारतो, साहेब, मराठी कुठं शिकलात? साहेब हिंदीत सांगतो की नोकरीच्या सुरुवातीला पंढरपूरला वारीच्या बंदोबस्तावर होतो, वारकऱ्यांच्या तोंडून शिकलो. आणि खिशातून फोटो काढतो: पोलिसी वेशातला तरुण साहेब, मागे चंद्रभागेचं वाळवंट आणि पताका. फोटो पडदाभर, चार सेकंद.

आमच्या साहेबाने पहिल्या भागापासून मराठीच बोललेलं! तो सत्ताविसाव्या भागात मराठीतच कसं सांगणार की मी मराठी शिकलो? ‘मालवणी शिकलो’ करावं, तर मागे पंढरपूर. मालवणी काय चंद्रभागेच्या वाळवंटात शिकला? बूथमध्ये पाच माणसं होती, कुणी हसेना. अण्णांनी पेन्सिल कानावर ठेवली आणि चहा सांगितला.

उपाय एकच होता आणि तो मागे जाण्याचा होता. कुजबुज सोलापूर-पंढरपूरकडच्या बोलीत करायची: “ह्येला काय कळतंय, पंचनामाच न्हाय झाला अजून.” आणि साहेबाचं नेहमीचं मराठी पुस्तकी, थोडं हिंदी वळणाचं. ‘मला ही गोष्ट ठाऊक आहे’ असं बोलणारा, ‘मला ठाऊकाय’ कधीच न म्हणणारा. मग गाडीतलं वाक्य बसतं: “मराठी पुस्तकातून शिकलो, पण तुमची ही बोली पंढरपूरला, वारीत.” फोटोही खरा ठरतो. पण त्यासाठी अठरा भागांतली प्रत्येक कुजबुज आणि पहिल्या भागापासून साहेबाचं प्रत्येक वाक्य पुन्हा रेकॉर्ड करावं लागणार होतं. दोन्ही मालवणी कलाकारांना त्यांचा पूर्ण मेहनताना देऊन निरोप दिला आणि सोलापूरकडचे दोघे शोधले. साहेबाचा कलाकार दिवसाला दहा तास बूथमध्ये होता.

वाहिनीने जास्तीचा एक पैसा दिला नाही. सुरुवातीचे भाग मालवणीत प्रसारित होऊन गेले होते, दुरुस्त प्रत पुनःप्रसारणालाच कामाला आली. सात महिन्यांचं भाडं थकलं. यू 87 गहाण पडला, तो सोडवायला पुढची दिवाळी उजाडली.

आणि दुसरा हंगाम आमच्या गल्लीच्या टोकाच्या स्टुडिओला गेला. त्यांनी काय केलं? सगळं सपाट. कुजबुज आली की ती साहेबाची चेष्टा न ठेवता नुसतं पुटपुटणं करून टाकायचं: ‘साहेबांना घाई फार.’ साहेबाचं उत्तर: ‘हो, आहे घाई.’ अर्ध्या वेळात भाग तयार, दर आमच्यापेक्षा कमी. प्रेक्षकांची एक तक्रार नाही. हे मला आजही बोचतं, लपवत नाही. दुसऱ्या हंगामातला साहेब त्यांच्याकडे चांगला वाटतो, पण तो बाहेरून आलेला वाटत नाही, आणि अर्धी मालिका त्याच्या बाहेरून येण्यावर उभी होती.

हे फक्त आपल्याकडचं नाही. 2011 ची ‘ब्रॉन’ ही डॅनिश-स्वीडिश मालिका बघा. कोपनहेगन आणि माल्मो यांना जोडणाऱ्या पुलावर अगदी सीमारेषेवर मृतदेह सापडतो. स्वीडनची सागा स्वीडिश बोलते, डेन्मार्कचा मार्टिन डॅनिश, आणि दोघं एकमेकांना उत्तरं देतात. जर्मन डबिंगमध्ये दोघंही जर्मन बोलतात. मग सीमारेषा उरते ती चित्रात. मी ते जर्मन आवाज मुद्दाम ऐकले, काम नीटनेटकं आहे, पण दोन देशांचे पोलीस एकाच कचेरीतले सहकारी वाटायला लागतात. अमेरिकेतल्या 2014 च्या ‘जेन द व्हर्जिन’मध्ये आजी स्पॅनिशमध्ये बोलते आणि नात इंग्रजीत उत्तर देते. ती मालिका स्पॅनिशमध्ये डब करायची म्हटली, की आजीने आपली भाषा सोडली नाही आणि नातीने सोडली, हा घरातला भेद ऐकवायचा कसा? आमच्या पोलीस ठाण्याची अडचण हीच होती, जी भाषा गुपिताची तीच डबिंगची.

या धंद्यात नव्याने येणाऱ्यांना, विचारलं नसलं तरी सांगते. दुभाषी मालिका घेताना पहिल्या भागाचं रेकॉर्डिंग संपूर्ण हंगाम बघितल्याशिवाय लावू नका. बघायला मिळत नसेल, तर निदान कथासार मागा आणि ‘कुणी कुणाला भाषा कुठं शिकलास असं विचारतं का’ एवढं विचारून घ्या. विचारतंच, उशिरा का होईना. कुठली भाषा काय होणार ते करारात वाक्यात लिहून घ्या, ‘योग्य तो निर्णय स्टुडिओ घेईल’ यावर सही करू नका. आणि पुन्हा रेकॉर्ड करायची वेळ आली तर दर लूपवर, म्हणजे एका वेळी रेकॉर्ड होणाऱ्या तुकड्यावर लावा, भागावर नाही.

अण्णा 2019 मध्ये गेले. पेन्सिल आता बोटभर राहिली आहे, तिला पितळी टोपण बसवलंय.

सध्या टेबलावर सीमाभागातल्या कुटुंबाची कन्नड मालिका आहे. सून सोलापूरची, मधूनमधून मराठीत बोलते, आजी एक शब्दही मराठीत बोलत नाही, नातू दोन्ही भाषांत भांडतो. बाईंनीच पाठवली, सगळे भाग एकदम, मी मागायच्या आधी. आजीचं कन्नड मूळ आवाजातच राहणार, खाली मराठी ओळ. अडला तो नातू, त्याला दोन्ही भाषा लागतात. सतरा मुलांचे आवाज ऐकले. जतचा एक पोरगा मिळाला, घरात कन्नड, शाळेत मराठी. पहिल्याच टेकला तो मधल्या वाक्यात थांबला आणि काचेपलीकडून मला म्हणाला, “काकू, इथं ह्यो मराठीत का गेला? आजीला कळू नये म्हणून ना?”

मी समासात तेच लिहिलं होतं. रेघ दोनदा मारलेली.